१०.९ की २५? ग्रोथ, पेआउट आणि हव्या असलेल्या परताव्यावरून पीई काढताना माझं कुठे चुकतंय?

मुक्ता
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आम्ही सहा जण दर रविवारी सकाळी एकत्र बसून कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतो. सध्या बाबांच्या डिमॅटमधला एक शेअर घेतलाय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा कंपनीवर जाईल आणि माझा प्रश्न गणिताचा आहे.

आकडे असे: गेल्या वर्षीची प्रतिशेअर कमाई ४० रुपये, लाभांश १६ रुपये, म्हणजे पेआउट ४० टक्के. पाच वर्षांपूर्वी कमाई २० रुपये होती, म्हणजे वाढ वर्षाला साधारण १५ टक्के. आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरची कमाई, २५ टक्के. बाजारभाव १००० रुपये, कमाईच्या २५ पट, म्हणजे पीई २५. मला या शेअरवर १३ टक्के परतावा हवा आहे.

शीटमध्ये B1 मध्ये हवा असलेला परतावा, B2 मध्ये पेआउट आणि B3 मध्ये ग्रोथ ठेवून हे सूत्र लिहिलं:

```
=B2*(1+B3)/(B1-B3)
```

ग्रोथ १५ टाकली तर उत्तर आलं उणे २३! गटातले एक काका म्हणाले, कायमची ग्रोथ १५ टक्के कुठल्याच कंपनीची नसते, ९ टाक. टाकली. आता पीई आला १०.९, म्हणजे भाव ४३६ रुपये. बाजार १००० देतोय. इतका फरक? बाजार वेडा आहे असं मानायला माझं मन तयार नाही, आणि सूत्र चुकीचं आहे असंही वाटत नाही. मग चूक कुठे आहे?

रावपुरा९०
सूत्र बरोबर आहे, तुमची ग्रोथ फार कमी आहे. १५ टक्क्यांनी वाढणाऱ्या कंपनीला ९ टक्के म्हणजे अन्याय झाला. ११ टाकून बघा, २२ येईल. ११.२ टाका, जवळजवळ २५ येतो. म्हणजे बाजार बरोबर आहे, तो ११.२ टक्के धरून चाललाय.

मी स्वतः इतकंही करत नाही. ग्रोथ १५ असेल तर पीई १५ पर्यंत ठीक, त्यावर महाग.

मुक्ता
११.२ ला २५ येतो हे खरं, पण १२ टाकलं तर ४४.८ येतो. ०.८ टक्क्यांनी भाव जवळजवळ दुप्पट होत असेल, तर या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?

चौकस
एक शंका. १००० रुपयांच्या शेअरवर १६ रुपये म्हणजे १.६ टक्के झाले. मग तुम्ही ४० टक्के कुठून आणले? आणि १.६ टक्क्यासाठी शेअर घेण्यापेक्षा बँकेत मुदत ठेव काय वाईट?

मुक्ता
१.६ टक्के हे भावावर. ४० टक्के हे कमाईवर, ४० रुपयांतले १६ वाटले म्हणून. उरलेले २४ रुपये कंपनीने धंद्यात ठेवले. माझा प्रश्न त्या २४ रुपयांभोवतीच असावा असं आता वाटायला लागलंय.

खतावणी
मुक्ताताई, तुमचं शेवटचं वाक्यच उत्तर आहे. मी बँकेत कर्जविभागात तीस वर्षं काढली. कर्ज मागायला येणारा प्रत्येक जण विक्री वाढणार असं सांगायचा. आम्ही एकच विचारायचो, त्यासाठी पैसे किती लागणार आणि ते कुठून येणार? तुमच्या शीटमध्ये तोच प्रश्न राहून गेलाय.

कंपनी बाहेरून भांडवल घेत नसेल आणि कर्जाचं प्रमाण तेच ठेवत असेल, तर तिची वाढ राखून ठेवलेल्या नफ्यातूनच येते. आज कंपनी ६० टक्के नफा ठेवते आणि त्यावर २५ टक्के कमावते. २५ चे ६० टक्के म्हणजे १५. तुमची पाच वर्षांची वाढ नेमकी तेवढीच आहे. आकडे एकमेकांशी जुळताहेत.

आता काकांचं ऐकून तुम्ही ग्रोथ ९ केलीत, पण पेआउट ४० टक्केच ठेवला. म्हणजे कंपनी अजूनही ६० टक्के नफा ठेवते आणि वाढते मात्र ९ टक्क्यांनी. ९ ला ०.६० ने भागा, १५ येतात. नकळत तुम्ही धरलंत की २५ टक्के कमावणारा हा धंदा उद्या सकाळपासून १५ टक्केच कमावणार. १०.९ हा त्या गृहीतकाचा पीई आहे.

आरओई २५ च राहणार असेल, तर ९ टक्के वाढायला ३६ टक्के नफा ठेवला की पुरतो. उरलेले ६४ टक्के भागधारकांना मिळायला हवेत. मग पीई होतो ०.६४ गुणिले १.०९ भागिले ०.०४, म्हणजे १७.४. ग्रोथ तीच, परतावा तोच, तरी १०.९ चे १७.४ झाले.

म्हणून पेआउटचा रकाना हाताने भरू नका. B4 मध्ये आरओई ठेवा आणि पेआउट त्यातून येऊ द्या:

```
=(1-B3/B4)*(1+B3)/(B1-B3)
```

रावपुरा९०
म्हणजे मी म्हणालो तेच झालं ना, तिचा आकडा कमीच होता.

खतावणी
कमी होता हे तुमचं बरोबर, पण तुमची दुरुस्ती उलट्या बाजूला गेली. पेआउट ४० ठेवून ११.२ टक्के वाढायचं तर आरओई १८.७ लागतो, आणि तोही कायमचा. १२ टक्के वाढायचं तर २० कायमचा. ग्रोथचा आकडा वाढवला की सूत्रात आरओई गुपचूप वाढतो, म्हणून पीई उडी मारतो. मुक्ताताईंना १२ वर ४४.८ दिसला त्याचं अर्धं कारण हे. आरओई १५ ला बांधून १२ टक्के वाढ मागा, पेआउट २० टक्क्यांवर येईल आणि पीई २२.४, म्हणजे बरोबर निम्मा. उरलेलं अर्धं कारण छेदात आहे: १३ वजा १२ म्हणजे एकच टक्का. ग्रोथ परताव्याच्या इतकी जवळ गेली की कुठलंही सूत्र हातात राहत नाही.

शिवाय देशाचं चालू किमतींतलं उत्पन्न दहा-बारा टक्क्यांच्या आसपास वाढत असताना एक कंपनी कायम ११-१२ ने वाढते असं धरणं म्हणजे पुढच्या शंभर वर्षांत तिचा वाटा कधीच घटणार नाही असं धरणं. मी कायमसाठी ८-९ च्या वर जात नाही.

आणि ग्रोथएवढा पीई ही फूटपट्टी १५ टक्के वाढणाऱ्या दोन कंपन्यांना एकच मोल देते. एक त्यासाठी ६० टक्के नफा अडकवते, दुसरी ९०. त्यांच्या भागधारकांच्या हाती सारखं काहीच पडत नाही.

लेथवाला
मकरपुरा जीआयडीसीत माझं मशिनिंगचं युनिट आहे. शेअरचं फारसं कळत नाही, पण नफा ठेवण्याचं कळतं. गेल्या वर्षी ४० लाखांचं मशीन नफ्यातून घेतलं. उलाढाल चांगलीच वाढली. कर भरून वरचा नफा पडला वर्षाला ४ लाख ४० हजार. भाऊ म्हणतो धंदा वाढला, बायको म्हणते घरात काही आलं नाही. या सूत्राने दोघांपैकी कोण बरोबर?

खतावणी
तुमच्या धंद्यातली जोखीम पाहता पैशावर किती टक्के मिळाले तर तुम्ही समाधानी असाल?

लेथवाला
१६ तरी हवेत. एखादा मोठा ग्राहक गेला की सहा महिने हलतो माणूस.

खतावणी
मग ४ लाख ४० हजारांना ०.१६ ने भागा. २७ लाख ५० हजार. ४० लाख घालून साडेसत्तावीस लाखांचं मोल उभं राहिलं. धंदा वाढला आणि तुमची संपत्ती साडेबारा लाखांनी घटली. दोघंही बरोबर आहेत.

हेच पीईत दिसतं. परतावा १३ हवा आणि नव्या पैशावर आरओईही १३ च, तर वाढ कितीही धरा, पुढच्या वर्षाच्या कमाईवरचा पीई ७.७ च येतो, म्हणजे १ भागिले ०.१३. ५ टक्के वाढ धरून पाहा, ९ धरून पाहा, आकडा हलत नाही. जेवढी वाढ मिळते तेवढाच लाभांश सोडावा लागतो. आरओई ११ असेल तर आणखी विचित्र: निम्मा नफा ठेवला तर पीई ६.७, ऐंशी टक्के ठेवला तर ४.८. कंपनी जास्त वेगाने वाढते आणि शेअरचं मोल कमी होतं. नुसती ग्रोथ काही देत नाही, देतो तो आरओई आणि हवा असलेला परतावा यांतला फरक.

लेथवाला
तुमचं म्हणणं पोचलं, पण एक गोष्ट राहिली. मशीन घेतलं नसतं तर मुख्य ग्राहक दुसऱ्याकडे गेला असता, त्याला घट्ट टॉलरन्सचं काम हवं होतं. म्हणजे असलेला नफाही गेला असता. मग ४ लाख ४० हजार हा आकडा बरोबर कसा?

खतावणी
हा तुम्ही माझ्या उत्तरातला खरा दोष दाखवलात. मशीन घेतल्यावरचा नफा वजा न घेतल्यावरचा नफा, असं मोजायला हवं, आणि न घेतल्यावरचा नफा गेल्या वर्षीएवढा राहिला असता असं मी धरलं. तो घटला असता तर मशीनचा खरा परतावा ११ पेक्षा जास्त आहे. त्याच वेळी त्या ४० लाखांतला काही भाग वाढीसाठी नव्हताच, आहे ते टिकवण्यासाठी होता, म्हणजे तुमचा आधीचा नफा वहीत दिसतो तेवढा कधी नव्हता. कंपनीच्या अहवालातून हे वेगळं काढणं फार कठीण आहे.

नीलिमा_व
माझा आक्षेप १३ वर आहे. आरओईवर एवढा ऊहापोह आणि हवा असलेला परतावा मात्र मनातून आला? दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर साधारण ७ टक्के मिळतात असं धरलं, तर शेअरच्या जोखमीचे वर ५ पुरेत. १२ धरा. मुक्ताचं पहिलंच गणित १२ ने केलं तर १०.९ चे १४.५ होतात, १४ ने केलं तर ८.७.

मुक्ता
मी १३ धरले कारण बाबांचा हा एकच मोठा शेअर आहे, त्यांच्या पैशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एकाच कंपनीत एवढं असताना मला जास्त हवं.

नीलिमा_व
ती तुझ्या घरची जोखीम झाली, शेअरची नाही. ज्याच्याकडे तीस शेअर आहेत तो या शेअरला १३ मागणार नाही, आणि भाव तोच ठरवणार. तिसरा हिस्सा जड वाटत असेल तर थोडे विका, परताव्याचा आकडा फुगवू नका.

खतावणी
बाजार काय धरतो हे शोधायचं असेल तर नीलिमाताईंचं बरोबर. बाबांनी ठेवावा का हे ठरवायचं असेल तर १३ ही बाबांची अट आहे, आणि अट लावायचा त्यांना हक्क आहे. मी स्वतः दोन्ही आकडे घेऊन करतो. यावर माझं आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांचं कधीच एकमत झालं नाही.

मुक्ता
पण मूळ अडचण अजून आहे. ही कंपनी आज १५ ने वाढतेय, उद्यापासून ९ ने नाही. पहिली दहा वर्षं वेगळी धरायची ना?

खतावणी
हो, इथे दोन टप्पे लागतातच. पहिला टप्पा: दहा वर्षं १५ टक्के वाढ, पेआउट ४०, म्हणजे आरओई २५. या दहा वर्षांच्या लाभांशांची आजची किंमत गेल्या वर्षीच्या कमाईच्या ४.४ पट येते. इथे ग्रोथ परताव्यापेक्षा जास्त असली तरी बिघडत नाही, कारण वर्षं मोजकी आहेत.

दुसरा टप्पा: अकराव्या वर्षापासून कायम ८ टक्के वाढ. आता आरओई किती? स्पर्धक येतात, पेटंट संपतात, म्हणून मी १६ धरतो. ८ टक्के वाढीला निम्मा नफा पुरतो, पेआउट ५०. याची आजची किंमत १२.९ पट. एकूण पीई १७.३.

आता त्या शेवटच्या आरओईवर बोट ठेवा. तो २५ च राहिला तर पेआउट ६८ आणि एकूण पीई २१.९. तो घसरून १३ वर आला तर १४.३. वाढीचे आकडे तिन्ही वेळा तेच आहेत. पीईचा तीन चतुर्थांश भाग दहा वर्षांनंतरच्या काळातून येतोय, म्हणून सगळा वाद तिथे आहे.

नीलिमाताईंचे १२ टक्के घेतले तर १६ च्या आरओईला पीई २२.२ आणि २५ ला २८.६. बाजारातले २५ या दोघांच्या मध्ये बसतात. म्हणजे १००० रुपये देणारा माणूस वेडा नाही. तो म्हणतोय, मला १२ पुरे, आणि ही कंपनी दहा वर्षांनंतरही धंद्यात चांगलीच पुढे राहील.

रावपुरा९०
हे पटलं. मी ११.२ म्हणत होतो त्यामागे कोणता आरओई आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. पण मग आयटी कंपन्यांचं काय? त्या बायबॅक करतात. लाभांशावरून पेआउट काढला तर कमी दिसणार.

खतावणी
बरोबर. बायबॅकला गेलेला पैसाही वाटलेलाच पैसा. तीन-चार वर्षांची सरासरी घेऊन तो पेआउटमध्ये मिळवा. एका वर्षाचा घेतलात तर पेआउट कधी २०० टक्के दिसेल, कधी ३०.

नीलिमा_व
आणि आरओई २५ हा जुन्या भांडवलाचा आहे, याकडे कोणी लक्ष दिलं नाही. वीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन आणि घसारा होऊन संपत आलेला कारखाना, यांच्यावर काढलेला टक्का मोठाच दिसणार. वाढीसाठी लागतो तो नव्या पैशावरचा टक्का. लेथवाल्यांच्या मशीनवरचा होता ना, तसा. मुक्ता, पाच वर्षांची कमाई वर्षावार दे.

मुक्ता
अहवालांतून काढली: २०, २४, २९, ३४, ३७.५, ४०. लाभांश दरवर्षी साधारण ४० टक्केच.

नीलिमा_व
पहिल्या पाच वर्षांची कमाई मिळून १४४.५. त्यातले ६० टक्के म्हणजे ८६.७ रुपये धंद्यात राहिले आणि कमाई २० रुपयांनी वाढली. २३ टक्के, आरओईच्या जवळ. आता तुकडे करा. पहिल्या तीन वर्षांत ठेवले ४३.८, कमाई वाढली १४ ने, म्हणजे ३२ टक्के. शेवटच्या दोन वर्षांत ठेवले ४२.९, कमाई वाढली ६ ने. १४ टक्के.

पैसे जवळजवळ तेवढेच गेले, मिळालं निम्म्याहून कमी. आणि आरओई अजून २५ दिसतोय, कारण जुनं भांडवल अजून छान कमावतंय.

मुक्ता
हे मला दिसलंच नव्हतं. मी दोन टोकं घेऊन १५ टक्के काढले आणि पुढे गेले. शेवटच्या वर्षी वाढ फक्त ६.७ टक्के आहे.

आत्ता १४ टाकून पाहिलं. ६० टक्के नफा ठेवून १४ कमावले तर वाढ ८.४, आणि पीई ९.४. म्हणजे माझा पहिला १०.९ भलत्याच कारणाने का होईना, याच्या शेजारी आहे. काकांचे ९ टक्के कुठून आले होते ते आता विचारते.

खतावणी
थांबा, घाई नको. दोन वर्षं फार कमी आहेत. कंपनीने नवा कारखाना काढला असेल तर पैसे आधी जातात, नफा दोन-तीन वर्षांनी येतो. ताळेबंदात "कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेस" ही ओळ पाहा. ती फुगलेली असेल तर १४ हा आकडा फसवा आहे, पैसा अजून कामाला लागलेला नाही. ती लहान असेल, कारखाना सुरू झालेला असेल आणि तरी १४ असेल, तर मग मात्र १००० रुपयांत धरलेली दहा वर्षांची १५ टक्के वाढ आधीच संपलेली आहे.

रोखही पाहा. ठेवलेला नफा नुसता बँकेत पडून असेल तर त्यावर ७ टक्केच मिळणार आणि सरासरी खाली ओढली जाणार. तो धंद्याचा दोष नाही, वाटप कमी केल्याचा आहे, आणि पेआउट वाढवून सुधारता येतो.

लेथवाला
आमच्याकडेही मशीन येऊन बसवून पूर्ण भाराने चालायला आठ महिने गेले. पहिल्या वर्षाचा आकडा मी तुम्हाला दिला होता. या वर्षीचा मार्चनंतर टाकतो.

मुक्ता
ओळ पाहिली. दोन वर्षांपूर्वी प्रतिशेअर ५ रुपये होती, आता ३१. ठेवलेल्या ४२.९ पैकी २६ रुपये अजून उभ्या राहणाऱ्या कारखान्यात आहेत. कामाला लागले ते १६.९, आणि त्यावर ६ रुपये वाढले, म्हणजे ३५ टक्के?

नीलिमा_व
३५ वरही लगेच विसंबू नकोस, जुनीच क्षमता जास्त भरून चालली असेल तर वाढ फुकटची दिसते. क्षमतेचा वापर किती टक्के आहे ते व्यवस्थापनाच्या चर्चेच्या पानांत असतं, ते बघ.

मुक्ता
या रविवारी तेच पान काढतो. नवा कारखाना कधी सुरू होणार आणि सध्याचा किती भरलाय, एवढे दोन आकडे मिळाले की इथेच टाकते. तोपर्यंत शीटमध्ये १४ आणि २५ असे दोन रकाने शेजारी ठेवलेत.